सोनेतारण कर्जाचा प्रोजेक्ट : बीए, पीएम आणि पीओ यांच्यात कुठला निर्णय कोणाचा?

बँकेच्या मीटिंगमध्ये कर्ज विभागाच्या मॅडम सहज विचारतात, "जुन्या कर्जाचं नूतनीकरणही याच स्क्रीनवरून होईल ना?" बिझनेस अॅनालिस्ट, म्हणजे बीए, मान डोलावतो. मिनिट्समध्ये ‘नूतनीकरण – याच स्क्रीनवरून’ अशी एक ओळ जाते. दीड महिन्याने युएटीत, म्हणजे बँकेने सॉफ्टवेअर स्वतः वापरून तपासायच्या टप्प्यात, बँक ती ओळ काढून दाखवते. प्रोजेक्ट मॅनेजर, म्हणजे पीएम, म्हणतो, हे करारात नव्हतं. डेव्हलपर म्हणतात, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. बीएला वाटतं, आपण तर फक्त मुद्दा टिपून घेतला होता. चौघंही खरंच बोलत असतात. त्या दिवशीचं मान डोलावणं हा एक निर्णय होता आणि तो घ्यायचा अधिकार कोणाचा, हे कुठेच ठरलेलं नव्हतं.

या लेखात याच धर्तीचा प्रोजेक्ट घेतला आहे. सॉफ्टवेअर बनवणारी सर्व्हिस कंपनी आहे, ग्राहक एक नागरी सहकारी बँक आहे आणि काम सोनेतारण कर्जाच्या मॉड्यूलचं आहे. रक्कम ठरलेली, मुदत सहा महिने, स्प्रिंट, म्हणजे कामाच्या ठरावीक फेऱ्या, दोन आठवड्यांचे. प्रॉडक्ट ओनर, म्हणजे पीओ, बँकेचा, कर्ज विभागातला एक अधिकारी. बिझनेस अॅनालिस्ट आणि प्रोजेक्ट मॅनेजर कंपनीचे. स्वतःचं प्रॉडक्ट विकणाऱ्या कंपनीत चित्र थोडं वेगळं असतं, पण खरी ओढाताण होते ती अशा दोन घरांत वाटल्या गेलेल्या टीममध्ये.

आधी प्रश्न वेगळे करा

तिघांच्या कामांची यादी करायला बसलं की ‘रिक्वायरमेंट’ या शब्दासमोर तिघांचीही नावं येतात, आणि तिथेच गोंधळाला सुरुवात होते. कुठल्या कामाला कोण उत्तरदायी हे मांडणारा आरएसीआय तक्ता भरणाऱ्यांनाही हा अनुभव येतो. उत्तरदायी माणूस प्रत्येक ओळीत एकच हवा असा नियम असतो, पण ओळच ‘रिक्वायरमेंट गोळा करणं’ इतकी ढोबळ असेल तर दोन नावं लिहिण्यावाचून गत्यंतर नसतं. म्हणून कामाऐवजी प्रश्नापासून सुरुवात करावी.

‘काय हवं, त्यातलं आधी काय आणि झालेलं चालेल का?’ हा पीओचा प्रश्न. ‘म्हणजे नेमकं काय?’ हा बीएचा. ‘केव्हा, कितीत, कोणाकडून आणि नाही जमलं तर पुढे काय?’ हा पीएमचा. चौथा प्रश्नही आहे, जो या तिघांपैकी कोणाचाच नाही : ‘कसं बांधायचं आणि त्याला किती दिवस लागतील?’ तो टेक लीड आणि प्रत्यक्ष काम करणाऱ्या टीमचा. पीएमने स्वतःच अंदाज ठोकून द्यायचा आणि टीमने तो पाळायचा, ही पद्धत बंद केली नाही तर बाकीच्या वाटणीला फारसा अर्थ उरत नाही, कारण पीओ ज्या आकड्यावर प्राधान्य ठरवणार तो आकडाच खोटा असतो.

इथे स्क्रम या स्प्रिंटमध्ये काम करायच्या पद्धतीचा मुद्दा हमखास निघतो. नोव्हेंबर २०२० च्या स्क्रम मार्गदर्शिकेत तीनच जबाबदाऱ्या आहेत : प्रॉडक्ट ओनर, स्क्रम मास्टर आणि डेव्हलपर्स. बीए आणि पीएम ही नावं तिथे नाहीत. त्यावरून काही कंपन्या ही पदंच काढून टाकतात, तर काही पीएमलाच स्क्रम मास्टर म्हणू लागतात. पण करार, पैसे आणि दोन संस्थांमधला पत्रव्यवहार मार्गदर्शिकेत नाहीत म्हणून नाहीसे होत नाहीत. त्याच मार्गदर्शिकेतली दोन वाक्यं मात्र आपल्या कामाची आहेत. एक, प्रॉडक्ट ओनर ही एकच व्यक्ती असते, समिती नसते. दोन, बॅकलॉगचं, म्हणजे करायच्या कामांच्या क्रमवार यादीचं, काम तो दुसऱ्याकडे सोपवू शकतो, पण उत्तरदायित्व त्याचंच राहतं. बीए आणि पीओ यांच्यातली रेघ याच दुसऱ्या वाक्यातून जाते. त्या यादीतली एकेक मागणी, म्हणजे स्टोरी, लिहील बीए, पण ती स्टोरी बॅकलॉगमध्ये असावी का आणि कितव्या क्रमांकावर, याचा जाब पीओने द्यायचा.

निर्णयांची नोंद : दीड तासाची बैठक

पहिल्या स्प्रिंटच्या आधी बीए, पीएम, पीओ आणि टेक लीड यांनी एकत्र बसायचं. प्रत्येकाने कागदाच्या चिठ्ठ्यांवर पुढच्या दोन महिन्यांत घ्यावे लागतील असे निर्णय लिहायचे, एका चिठ्ठीवर एक. वाक्य असं हवं की ते घेतलं गेलं की नाही हे सांगता येईल. ‘स्कोप मॅनेजमेंट’ ही चिठ्ठी फाडून टाका. ‘मंजूर कागदात नसलेली गोष्ट बँकेने मागितली तर हो किंवा नाही कोणी म्हणायचं’ ही चिठ्ठी ठेवा. पंधरा-वीस चिठ्ठ्या होतात. ज्यांवर कोणाचंच दुमत नाही त्या बाजूला ठेवल्या की साधारण आठ-दहा उरतात. बैठकीचा सगळा वेळ त्यांच्यासाठी.

या प्रोजेक्टचा तक्ता साधारण असा दिसेल :

| निर्णय | कोणाचा | आधी कोणाला विचारायचं |
|---|---|---|
| बॅकलॉगचा क्रम | पीओ | टेक लीड, बीए |
| नियमाचा अर्थ स्टोरीत नेमका कसा मांडायचा | बीए | पीओ, बँकेचा अनुपालन अधिकारी |
| बँकेचं धोरण काय | बँकेचं संचालक मंडळ; उत्तर आणायचं पीओने | अनुपालन अधिकारी |
| एखाद्या स्टोरीला किती दिवस | टीम | – |
| मागणी करारात आहे की बाहेर | पीएम | बीए |
| कोण कुठल्या कामावर | पीएम | टेक लीड, टीम |
| तयार झालेलं काम स्वीकारायचं का | पीओ | बीए, टेस्टर |
| शाखांत सुरू करायचं की थांबायचं | पीओ | पीएम, टेक लीड |

तिसरी ओळ नीट पाहा. पीओ हा बँकेचा माणूस असला तरी बँक नव्हे. कर्जाचं धोरण बदलायचा अधिकार त्याला नसतो. ही ओळ तक्त्यात नसेल तर भिडेपोटी पीओ तोंडी उत्तर देऊन मोकळा होतो आणि लेखापरीक्षणाच्या वेळी सॉफ्टवेअर चुकीचं ठरतं.

नावासोबत मर्यादा लिहा

नुसतं नाव पुरत नाही. प्रत्येक अधिकाराला मर्यादा हवी, नाहीतर बीए बटणाच्या रंगासाठीही पीओची वाट पाहतो, किंवा उलट व्याजाचं सूत्रही स्वतःच ठरवून टाकतो. खालचे आकडे सहा-सात जणांच्या टीमसाठी सुरुवातीला ठीक आहेत. आपल्या कराराप्रमाणे बदलून घ्यावेत.

बीए : मंजूर झालेल्या वाक्याचा खुलासा स्वतः करू शकतो. नवीन वागणूक भरू शकत नाही. कसोटी साधी आहे. ‘साइन-ऑफ झालेल्या कागदात या वागणुकीबद्दल वाक्य आहे का?’ असेल तर तो खुलासा. नसेल तर ती मागणी, मग ती कितीही छोटी वाटो. दुसरी कसोटी पैशाची. ग्राहकाच्या खात्यावरचा एक रुपयाही ज्याने बदलेल तो खुलासा बीएने एकट्याने करायचा नाही.

पीएम : एका मागणीसाठी तीन मनुष्यदिवसांपर्यंतचं काम राखीव दिवसांतून देऊ शकतो. समजा संपूर्ण प्रोजेक्टसाठी असे वीस दिवस राखीव आहेत. त्यातले किती उरले ते दर स्प्रिंटच्या शेवटी पीओलाही दाखवायचं. हा आकडा लपवून ठेवणारा पीएम शेवटी ‘आधीच का नाही सांगितलं’ हे ऐकून घेतो.

पीओ : क्रम बदलणं, स्टोरी काढणं आणि घालणं हे तो एकटा करू शकतो, जोपर्यंत एकूण किंमत आणि तारीख हलत नाही. ती हलत असेल तर दोन्ही बाजूंची सुकाणू समिती.

यासोबत पीओचा वेळही लिहून घ्यावा, कारण बँकेतल्या अधिकाऱ्याला रोजचं काम सोडवत नाही. आठवड्याला दोन तास स्टोऱ्यांवर चर्चा, स्प्रिंटच्या सुरुवातीला दीड तास, शेवटी एक तास आणि लेखी प्रश्नांना दोन कामकाजाच्या दिवसांत उत्तर. उत्तर आलं नाही तर बीएने प्रश्नासोबत दिलेला प्रस्ताव मंजूर धरायचा, असं कलम घालावं. फक्त व्याज, कर्जाची रक्कम आणि नियामक नियम यांना ते लागू नाही, हेही त्याच वाक्यात. तिथे उत्तर येईपर्यंत स्टोरी थांबते आणि ती किती दिवस थांबली याची नोंद पीएम ठेवतो. या कलमामुळे एक चांगली सवयही लागते. बीए नुसता प्रश्न पाठवत नाही, स्वतःचं उत्तर लिहून पाठवतो.

एक रिक्वायरमेंट तिघांच्या हातून

आता प्रत्यक्ष उदाहरण. पीओने बॅकलॉगच्या वरच्या टोकाला लिहिलेलं असतं : ‘सोन्याच्या मूल्यावरून ग्राहकाला जास्तीत जास्त किती कर्ज देता येईल ते स्क्रीनवर दिसावं.’ पीओचं काम एवढंच, आणि ते पुरेसं आहे. सोबत त्याने ‘का’ हे सांगावं : शाखेत हे गणित हाताने होतं, चुका होतात आणि ग्राहक काउंटरवर ताटकळतो.

बीए नियम उघडतो. सोनं-चांदी तारण ठेवून दिलेल्या कर्जांसाठी रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये निर्देश काढले आणि १ एप्रिल २०२६ ही त्यांच्या पालनाची शेवटची तारीख दिली. वैयक्तिक गरजेसाठीच्या कर्जात, एका कर्जदाराचं एकूण कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर सोन्याच्या मूल्याच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांपर्यंत ८० टक्के आणि त्यावर ७५ टक्के अशी कमाल मर्यादा आहे. वाचायला सोपं. डेव्हलपरला हेच तीन आकडे दिले तर तो दोन तासांत कोड लिहील, आणि तो चुकेल.

समजा सोन्याचं मूल्य ३,००,००० रुपये आहे. ८५ टक्क्यांनी २,५५,००० येतात, पण ही रक्कम अडीच लाखांच्या वर गेली, म्हणजे ८५ टक्क्यांचा टप्पाच लागू नाही. ८० टक्क्यांनी २,४०,००० येतात, पण ही रक्कम अडीच लाखांच्या आत आहे, म्हणजे हा टप्पाही लागू नाही! खरं उत्तर २,५०,०००. पहिल्या टप्प्यात राहून देता येणारी ती सर्वांत मोठी रक्कम. सोन्याचं मूल्य सुमारे २,९४,१०० पासून ३,१२,५०० पर्यंत कितीही असलं तरी कमाल कर्ज अडीच लाखांवरच अडकून राहतं. बीएने स्वीकाराच्या निकषांत ‘नियमाप्रमाणे रक्कम दिसावी’ असं न लिहिता उदाहरणं लिहायची :

| सोन्याचं मूल्य | कमाल कर्ज | का |
|---|---|---|
| २,००,००० | १,७०,००० | ८५ टक्के |
| ३,००,००० | २,५०,००० | टप्प्याच्या टोकावर अडकतं |
| ४,००,००० | ३,२०,००० | ८० टक्के |
| ६,४०,००० | ५,००,००० | पुन्हा टोकावर |
| ८,००,००० | ६,००,००० | ७५ टक्के |

ही पाच उदाहरणं बीएने एकट्याने लिहिली तरी चालतं का? गणित नियमातूनच निघतं, पण त्याने ग्राहकाला मिळणारा पैसा बदलतो. म्हणून वरच्या कसोटीप्रमाणे पीओची लेखी मान्यता लागतेच. उदाहरणं समोर असली की ती पाच मिनिटांत मिळते. दोन पानांच्या मजकुरावर ती आठवडाभर अडून राहते आणि शेवटी न वाचताच सही होते.

गणिताच्या पोटातून आणखी प्रश्न निघतात आणि त्यांची वाटणी पाहण्यासारखी आहे.

पहिला : हिशेबात येणारी रक्कम १,५४,५४५ अशी तुटक असेल तर शंभराच्या पटीत खाली आणायची का? हा पीओचा प्रश्न आहे, कारण दोन्ही उत्तरं नियमात बसतात आणि बँकेला सोयीचं काय ते बँकच सांगू शकते. हा आकडा हवेतला नाही. मुद्दल आणि व्याज मुदतीअखेर एकदम फेडायचं असेल तर मर्यादा मुदतीअखेरच्या एकूण परतफेडीवर मोजायची, असं निर्देश सांगतात. दोन लाखांच्या सोन्यावर परतफेडीची मर्यादा १,७०,०००. व्याज वर्षाला १० टक्के सरळ धरलं आणि मुदत बारा महिने असेल तर मुद्दल १,७०,००० भागिले १.१०, म्हणजे १,५४,५४५. हप्त्याच्या आणि एकरकमी कर्जाचा स्क्रीन एकच असला तरी निकषांचे तक्ते वेगळे ठेवावेत, हा निर्णय बीएचा.

दुसरा : ग्राहकाचं आधीचं एक लाखाचं सोनेतारण कर्ज चालू आहे आणि तो दोन लाखांचं नवं सोनं घेऊन आला. टप्पा कर्जदाराच्या एकूण कर्जावर ठरतो, म्हणून ८५ टक्के धरले तर एकूण २,७०,००० होऊन टप्पा सुटतो. नव्या सोन्यावर ८० टक्क्यांनी १,६०,००० बसतात, एकूण २,६०,०००. पण आधीचं एक लाख त्या जुन्या सोन्याच्या ८५ टक्क्यांपर्यंत दिलेलं असेल, तर आता तेही ८० च्या आत आणावं लागेल का? इथे बीएने तर्क लढवायचा नाही आणि पीओनेही नाही. प्रश्न अनुपालन अधिकाऱ्याकडे लेखी जातो, पीओ उत्तर आणतो आणि तोपर्यंत एवढा एक भाग स्टोरीतून कापून त्याची वेगळी स्टोरी केली जाते. बाकीचं काम थांबवायचं नाही. स्टोरी कुठे कापायची हे बीएला कळतं, म्हणून कापण्याचा प्रस्ताव त्याचा. कापलेला तुकडा कितव्या स्प्रिंटला, हे पीओचं.

तिसरा : सोन्याचा दर कुठून घ्यायचा? मागच्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी आणि आदल्या दिवशीचा बंद भाव यांतला जो कमी तो धरायचा. हे भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशनचे किंवा सेबीच्या नियंत्रणाखालच्या वायदे बाजाराचे असावे लागतात. मुख्य कार्यालयातला कर्मचारी रोज सकाळी भाव भरेल की सॉफ्टवेअर आपोआप आणेल? करारात आपोआप आणणं नसेल तर इथे पहिल्यांदाच पीएम पुढे येतो. जोडणीचा अंदाज टीमकडून घेतो, दरपुरवठादाराशी करार कोणी करायचा ते बँकेला विचारतो आणि दोन्ही पर्याय तारीख-किमतीसह पीओसमोर ठेवतो. दर हाताने भरायचं ठरलं तर एखाद्या दिवशी भाव भरायचा राहून गेल्यावर काय व्हावं, हा प्रश्न मात्र परत बीएकडे येतो, आणि नेमका तोच लिहायचा राहून जातो. सोमवारी सकाळी अकरा शाखांत कर्ज अडकलं की आठवतो.

मधेच मागणी आली तर

आता सुरुवातीचं नूतनीकरण घेऊ. मॅडमनी विचारल्यावर बीएचं वाक्य ठरलेलं असावं : "टिपून घेतो मॅडम, परवापर्यंत पर्याय पाठवतो." ‘हो’ नाही आणि ‘करारात नाही’ असंही नाही. ‘करारात नाही’ हे पीएमचं वाक्य आहे. बीएने ते उच्चारलं की बँकेचे लोक त्याच्याशी मोकळेपणाने बोलणं बंद करतात, आणि त्याचं निम्मं काम त्या मोकळेपणावर चालतं.

एका दिवसात बीए अर्धं पान लिहितो : नूतनीकरण म्हणजे शाखेत आज नेमकं काय करतात, त्यातलं काय हवं, कोणत्या तयार स्टोऱ्यांना धक्का लागतो. टीम आकडा देते, समजा चौदा मनुष्यदिवस. पीएम राखीव पाहतो, सहा दिवस उरलेत, आणि एका मागणीची त्याची मर्यादा तीन. म्हणजे हे त्याच्या हातातलं नाही. दोन डेव्हलपर लावले तर बांधायला सात दिवस, तपासायला तीन, म्हणजे एक पूर्ण स्प्रिंट. मग बीए, पीएम आणि टीम मिळून पीओसमोर तीन पर्याय ठेवतात.

पहिला, अजून हात न लावलेले शाखानिहाय अहवाल, साधारण तेवढ्याच दिवसांचे, दुसऱ्या टप्प्यात ढकलायचे आणि त्या जागी नूतनीकरण घ्यायचं. दुसरा, जादा पैसे आणि दोन आठवडे उशीर, ज्यासाठी सुकाणू समितीची मंजुरी लागेल. तिसरा, जुनं कर्ज बंद करून नवं उघडायचं या आहे त्या दोन स्क्रीनमधून काम चालवायचं. शाखेला चार-पाच क्लिक जास्त, खर्च शून्य. तिसरा पर्याय बहुतेक वेळा बीएच्याच डोक्यातून निघतो, कारण शाखेतलं काम आणि बांधलेली स्क्रीन दोन्ही त्याने पाहिलेली असतात. पण निवड पीओची. पीएमने ‘तिसराच घ्या’ म्हणून मन वळवायचं नाही, त्याचा नफा त्यात दडलेला असतो आणि बँकेला ते समजतं.

अदलाबदल करताना एक अट पाळावी. काढायचं काम सुरू झालेलं नसावं. अर्धवट काम बाजूला ठेवलं तर त्यावर गेलेले दिवस वाया जातात आणि ‘तेवढ्यास तेवढं’ हे गणित बिघडतं.

स्वीकार आणि ‘बग की बदल’

टेस्टर सांगतो, निकषांप्रमाणे चालतं. बीए सांगतो, निकष नियमाला पुरेसे आहेत. पीओ सांगतो, स्वीकारलं. तीन वेगळी वाक्यं आहेत आणि एकाने दुसऱ्याचं बोललं तर पुढे भांडण होतं. स्वीकार स्प्रिंटमागून स्प्रिंट व्हायला हवा. युएटीसाठी पीओने शाखांतले चार-पाच कर्मचारी आधीच नेमावेत, त्यात सोन्याचं मूल्यांकन करणाऱ्या सराफाशी रोज संबंध येणारा एक तरी असावा. दागिन्यांतल्या खड्यांचं वजन वगळणं, एकाच पावतीवर सात दागिने, असल्या गोष्टी मुख्य कार्यालयात कोणाला सुचत नाहीत.

युएटीत काही आलं की ते बग आहे की बदल, यावर रस्सीखेच होते. बीएने मंजूर कागद उघडायचा. वाक्य आहे आणि सॉफ्टवेअर वेगळं वागतं, तर बग. वाक्यच नाही, तर बदल. वाक्य आहे पण त्याचे दोन अर्थ निघतात, तर बीएने ‘वाक्य संदिग्ध होतं’ एवढंच लिहून बाजूला व्हायचं. पैशाची तडजोड पीएम आणि पीओ करतील. निम्मे दिवस राखीवातून, निम्मे बँकेच्या खात्यातून, अशी सोय सुरुवातीलाच ठरवून ठेवली तर ती तडजोड दहा मिनिटांत संपते. स्वतःच्या संदिग्ध वाक्याचा निवाडा बीएलाच करायला लावला तर तो साहजिकच स्वतःला वाचवतो.

वाटणी घसरली हे कसं ओळखावं

महिन्यातून एकदा जिरा या कामांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधल्या मागच्या तीस प्रश्नांची उत्तरं कोणी दिली ते मोजावं. त्यातली पंचवीस-सव्वीस बीएने दिलेली असतील आणि त्यांत पैशाचे प्रश्नही असतील, तर बीए बिनअधिकाराचा पीओ झालेला आहे. त्याचा परिणाम लगेच दिसत नाही, उलट काम झपाट्याने पुढे सरकतंय असं वाटतं. युएटीत पीओ पहिल्यांदा स्क्रीन नीट पाहतो आणि म्हणतो, "हे असं कोणी सांगितलं?" उपाय बीएला दटावण्यात नाही. पीओचा वेळ पीएमने बँकेच्या वरिष्ठांकडून मागून घ्यायचा, आणि मागताना स्टोऱ्या किती दिवस थांबल्या ती नोंद पुढे करायची.

उलट दिशेची घसरण म्हणजे बीएचा टपालवाला होणं. पीओचं वाक्य जसंच्या तसं स्टोरीत जातं, आणि स्प्रिंटच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डेव्हलपर प्रश्न घेऊन परत येतो. स्प्रिंट सुरू झाल्यावर एका स्टोरीवर तीनहून जास्त प्रश्न आले तर ती तयार नव्हती, एवढं धरून चालावं.

तिसरी घसरण पीएमकडून होते. एक डेव्हलपर मोकळा आहे म्हणून तो बॅकलॉगमधली खालची सोपी स्टोरी वर ओढतो. बोर्डवरचा क्रम आणि पीओने लावलेला क्रम शेजारी ठेवले की कळतं. बरेचदा पीएमची स्वतःची एक्सेलमधली यादी वेगळीच निघते. दोन याद्या असतील तर एक तिथल्या तिथे बंद करावी. राहावा तो बॅकलॉग.

माणसं कमी असतील तर

छोट्या टीममध्ये दोन टोप्या एकाच डोक्यावर येतात. बीए आणि पीओ एकच असणं चालून जातं, जर तो ग्राहकाच्या बाजूचा असेल आणि त्याला आठवड्यातले किमान तीन दिवस मिळत असतील. बीए आणि पीएम एकच असणं चार-पाच जणांच्या टीमपर्यंत जमतं. फक्त मीटिंगमध्ये आपण आत्ता कोणत्या टोपीत बोलतोय हे सांगायची सवय लागते, आणि ‘करारात आहे की नाही’ हे त्याने तिथेच न बोलता दुसऱ्या दिवशी लेखी कळवावं. पीएम आणि पीओ एकच असणं मात्र सर्व्हिस प्रोजेक्टवर टाळावं. तारीख वाचवायची आणि बँकेला काय हवं तेही राखायचं, अशा दोन्ही बाजू एकाच माणसाकडे गेल्या की तारीख जिंकते. माणूस अप्रामाणिक असतो असं नाही. तारीख रोज विचारली जाते, बँकेची गरज युएटीतच.

तक्त्याचा कागद दर तीन स्प्रिंटनी, पंधरा मिनिटांसाठी, परत उघडावा. ज्या ओळीवर मधल्या काळात वाद झाला तेवढीच बदलावी आणि नवी तारीख घालून चौघांना पाठवावी.